फक्त भाग दुसरा

जळगाव तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे होते आणि मी तिथल्या आरोग्याच्या कचेरीत नर्स होते. काम फिरतीचे. आज पारोळा, उद्या एरंडोल, आणि मधल्या दिवशी कचेरीत बसून अहवाल लिहायचे. वय सव्वीस, लग्न झालेले नाही, सही इंग्रजीत, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल शंका अजिबात नाही. आज त्या मुलीची मला चीड येते.

त्या वर्षी गावोगावच्या सुईणींना शिकवायचे काम निघाले. पारोळ्याच्या दवाखान्यात बारा सुईणी जमल्या. मी कापडाची बाहुली घेऊन बाळंतपण कसे करायचे ते दाखवत होते. हात साबणाने धुवा, पाते उकळा, नाळ दोन ठिकाणी बांधा आणि मध्ये कापा. आमचे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, खुर्चीवर बसून बघत होते. सुईणींमध्ये सर्वांत म्हातारी एक अक्का होती. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि साळसूदपणे विचारले, "बाई, तुम्हले किती पोरे शेत?"

बाकीच्या अकराही बाया पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबही हसले. मी लालबुंद झाले. अक्काच्या मनात काही वाकडे नव्हते, हे मला पुष्कळ पुढे कळले. तिच्या हिशेबी ते सरळ विचारपूस करणेच होते. पण मी तो प्रश्न गाठ मारून ठेवला.

शिकवून झाले की सुईणीच्या हातात काहीतरी राहावे म्हणून साहेबांनी एक पुस्तिका काढायची ठरवली. पंधरा-सोळा पाने, मोठी अक्षरे. बहुतेक सुईणींना वाचता येत नसे, पण गावात मास्तर असतो, चौथी झालेली एखादी सून असते, ती वाचून दाखवील. लिहायचे काम माझ्याकडे आले. चार भाग केले. पहिला गरोदरपणाचा, दुसरा बाळंतिणीच्या खाण्याचा, तिसरा प्रत्यक्ष बाळंतपणाचा आणि नाळेचा, चौथा तान्ह्या बाळाचा. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर मसुद्याच्या दहा प्रती काढल्या. त्या शाईचे डाग माझ्या पांढऱ्या साडीवरून शेवटपर्यंत गेले नाहीत.

साहेब म्हणाले, छापण्याआधी चार जाणत्या माणसांना दाखवा. मी सहा जण ठरवले आणि त्यांतल्या पाच जणांना एकच पत्र धाडले. "सोबत पुस्तिकेचा मसुदा पाठवीत आहे. कृपया आपला अभिप्राय कळवावा."

अभिप्राय आले, आणि कसे आले म्हणता! धुळ्याच्या डॉक्टरांनी "अत्यंत स्तुत्य उपक्रम" म्हटले. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी "घराघरांत असावी अशी" म्हटले. एका निवृत्त मास्तरांनी मातृत्वावर चार ओळींची कविताच जोडली आणि ती पहिल्या पानावर छापावी असे सुचवले. दोघांनी उत्तरच दिले नाही. ज्यांनी दिले त्यांच्यापैकी एकानेही पान उलटले असेल असे वाटेना, कारण पाचव्या पानावर मी एक ओळ चुकून दोनदा लिहिली होती आणि ती कुणालाही दिसली नव्हती. सहावी प्रत अजून माझ्याच टेबलावर होती. ती अक्काची. साहेबांनी "एक तरी सुईण असू द्या" म्हटले होते आणि मी ती पाठवायची टाळत होते.

आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सगळे त्यांना नाना म्हणत. तपकिरीची डबी, कानावर पेन्सिल आणि जगातल्या कुठल्याही कागदावर अविश्वास. ते सगळे अभिप्राय त्यांनी वाचले आणि माझ्यापुढे सरकवले.

"बाई, तुम्ही अभिप्राय मागितलात, त्यांनी हार पाठवले. पुस्तकाच्या सुरुवातीला छापतात ते अभिप्राय. लोकांना वाटलं, तुम्हाला तेच हवंय."

"मग काय मागायचं?"

"काम मागायचं. कुणी कुठलं पान बघायचं ते लिहा. त्या पानावर त्यांनी काय शोधायचं ते प्रश्न घालून लिहा. आणि परत कधी हवं ती तारीख लिहा. नुसतं 'लवकर' म्हणू नका. लवकर म्हणजे कुणाचं दिवाळीला, कुणाचं होळीला."

त्यांनीच सांगितले की तारखेबरोबर कारणही द्यावे. मजकूर पंचवीस तारखेला छापखान्यात जाणार आहे, म्हणून उत्तर वीस तारखेपर्यंत हवे, म्हणजे दुरुस्त्या घालायला मला पाच दिवस मिळतील. माणसाला कारण कळले की तो तारीख पाळतो. आणि शेवटी, नाना म्हणाले, प्रत्येक पत्रात एक ओळ असू द्या. "याशिवाय आणखी काही खटकल्यास तेही अवश्य लिहावे." का, तर आपल्याला जे माहीत नाही, त्याबद्दल आपण प्रश्न कसा विचारणार?

मला ते एकदम पटले. मी माणसागणिक वेगळे पत्र लिहायला बसले. धुळ्याच्या डॉक्टरांना लिहिले की आपण भाग तिसरा पाहावा, पाने सात ते दहा. पाते उकळण्याची वेळ पुरेशी आहे का? नाळ बांधण्याच्या क्रमात एखादी पायरी सुटली आहे का? मुख्याध्यापिकाबाईंना लिहिले की चौथी झालेल्या मुलीला वाचताना अडेल अशा शब्दांखाली रेघ मारावी, वाक्ये सुधारू नयेत. कवी मास्तरांना फक्त शुद्धलेखन दिले. सगळ्यांना वीस तारीख, सगळ्यांना कारण, आणि सगळ्यांना नानांची ती शेवटची ओळ.

मग अक्काचे पत्र लिहिले. तिला भाग दुसरा दिला, बाळंतिणीचे खाणे. प्रश्न तीन घातले. यातले जिन्नस तुमच्या गावात मिळतात का? त्यांना गावात काय म्हणतात? बाळंतिणीला कुठल्या गोष्टी देत नाहीत? प्रश्न चांगले होते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्याखाली नानांची ओळ लिहिली आणि थांबले. आणखी काही खटकल्यास तेही लिहावे म्हणजे ही म्हातारी आता मला नाळ कापायला शिकवणार, तेही कागदावर, आणि तो कागद साहेबांपुढे जाणार. पुन्हा सगळे हसणार.

मी ती ओळ खोडली. एवढ्याने भागले असते तरी एक वेळ चालले असते. पण खोडलेले दिसू नये म्हणून मी पत्र नव्या कागदावर उतरवले आणि त्या जागी लिहिले, "आपण फक्त भाग दुसरा पाहावा. बाकीचे भाग डॉक्टर पाहत आहेत." खाली सही केली. मसुदा मात्र अख्खा पाठवला, कारण प्रती टाचलेल्या होत्या आणि पाने सोडवायचा मला कंटाळा होता.

या खेपेला उत्तरे बघून मी हरखून गेले. डॉक्टरांनी दहा मिनिटांची वीस मिनिटे केली आणि नाळ बांधायचा दोराही पात्याबरोबर उकळावा, ही सुटलेली पायरी दाखवली. मुख्याध्यापिकाबाईंनी एकतीस शब्दांखाली रेघा मारल्या, "निर्जंतुक"च्या खाली तर दोन. आणि सगळ्यांत आधी, अठरा तारखेलाच, अक्काचे कार्ड आले. गावच्या मास्तरांच्या हातचे, शुद्ध मराठीत, आकडे घालून. एक, अळीव गावात मिळत नाहीत, पारोळ्याच्या बाजारातून आणावे लागतात, मेथी लिहावी. दोन, नावे सगळ्यांना समजतील. तीन, पहिले पाच दिवस बाळंतिणीला पाणी फार कमी देतात, ते चूक आहे, असे पुस्तकात ठळक लिहावे. त्याखाली एक ओळ होती, "विचारले तेवढ्याचे उत्तर दिले आहे."

मी ते कार्ड नानांना नेऊन दाखवले. "बघा, सहा जणांत हिनेच तिन्ही प्रश्नांची तीन उत्तरे दिली." नाना कार्ड वाचून म्हणाले, "म्हातारी शिस्तीची आहे." त्यांनी माझे पत्र पाहिले नव्हते. मी दाखवले नाही.

पुस्तिका छापून आली. निळे पुठ्ठ्याचे वेष्टन, आत माझे नाव नव्हते, पण प्रत्येक ओळ माझी होती. शिकलेल्या सुईणींना पत्र्याच्या पेटीबरोबर ती वाटली. पेटीत साबण, दोरा, कापूस आणि कागदात गुंडाळलेले नवे पाते. तिसऱ्या भागात मी लिहिले होते, "नाळ कापल्यावर पाते लगेच टाकून द्यावे." वापरलेले पाते पुन्हा दुसऱ्या बाळाला लागू नये, एवढाच त्यातला हेतू. डॉक्टरांनी त्या ओळीशेजारी बरोबरची खूण केली होती.

चार महिन्यांनी पारोळ्याच्या दवाखान्यातून निरोप आला की अक्काच्याच गावी एक मूल धनुर्वाताने गेले. मी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने गेले. बाळंतपण अक्काने केलेले नव्हते. तिच्या हाताखाली तयार झालेली एक तरुण सुईण होती, माझ्याच वर्गातली, वाचता येणारी, पुस्तिका जवळजवळ पाठ असलेली. तिने पेटी उघडून दाखवली. साबण झिजलेला होता, दोरा वापरलेला होता. पाते मात्र कागदात जसेच्या तसे.

मी तिच्यावर तोंड सोडले. इतके शिकवले, पेटी दिली, पुस्तक दिले, तरी तुम्ही तुमच्याच वळणावर! ती रडत रडत एकच सांगत राहिली, "बाई, बाळंतिणीची सासू पातं टाकू देईना."

मला काही अर्थ लागेना. टाकू देईना म्हणजे काय? घरात वापरलेले पाते कुणाला कशाला हवे? ती नीट बोलेना, म्हणून मी तावातावाने अक्काच्या घरी गेले. अक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बसायला गोणपाट टाकले. मी बसले नाही.

"अक्का, ती पोरगी काय म्हणतेय? पातं टाकू देत नाहीत म्हणजे काय?"

अक्का शेंगा बाजूला करून म्हणाली, "बाई, नाळ ज्यावरी कापतंस, ते पाचवीले पूजामा लागस. इळा ऱ्हायना ते इळा, पातं ऱ्हायनं ते पातं. पाट्याजोडे ठेवतंस. ते फेकी देवानं म्हनशात ते कोन घरमा फेकू दी?"

मला पाचवी, म्हणजे बाळाच्या पाचव्या दिवशीची पूजा, माहीत नव्हती असे नाही. मी स्वतः खानदेशातली. पाटा, वरवंटा, दिवा, विळा हे सगळे लहानपणी पाहिले होते. पण विळा तिथे का असतो, हे कधी मनात आले नव्हते. सुईण पुस्तकाप्रमाणे म्हणाली की नाळ कापून झाल्यावर पाते लगेच टाकावे लागेल. सासू म्हणाली, मग तुझे पाते तुझ्याजवळ ठेव, पाचवीला मी काय पुजू? आणि तिने घरातला विळा काढून पदराला पुसून दिला. तासभर वाद घालायची ती वेळ नव्हती. सुईणीने विळ्याने नाळ कापली. सहाव्या दिवशी बाळ दूध ओढेना, जबडा मिटला. आठव्या दिवशी गेले.

"मग काय करायला हवं होतं?" मी विचारले. माझा आवाज आता खाली आला होता.

"काय करनं? पातं टाकी दे, पन पाचवी व्हयनी म्हंजे. तितलंच लिखनं व्हतं."

पाते टाकून द्यावे, पण पाचवी झाल्यावर. "लगेच" हा एक शब्द काढून त्या जागी "पाचवी झाल्यावर" हे दोन घालायचे. डॉक्टरांना ते सुचणे शक्य नव्हते. मुख्याध्यापिकाबाईंना शब्द कठीण वाटला असता तरच त्यांनी रेघ मारली असती, आणि "लगेच" कुणालाही समजते.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारला नसता तर माझे म्हातारपण जरा सोपे गेले असते. "अक्का, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्हना कागद उना तव्हयच. मास्तरनी बठ्ठं वाची दखाडं." म्हणजे मास्तरांनी अख्खा मसुदा तिला वाचून दाखवला होता.

"मग तेव्हा कार्डात का नाही लिहिलंत?"

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी तो घेतला असता. ती नुसती नवल करत होती. "बाई, तुम्हनी चिठ्ठीमा दुसराच भाग देखाले सांगेल व्हता ना? बाकीना डाक्टर देखी ऱ्हायनात, असं मास्तरनी वाचं. मास्तर म्हने, सरकारी कागद शे, इचारं तितलंच लिखो. तुम्ही इचारंच नही."

मी गोणपाटावर बसले. त्या क्षणी मला बाळाचे वाईट वाटले असे लिहिले तर खोटे होईल. पहिल्यांदा मला वाटले ते हे, की ते पत्र मास्तरांनी जपून ठेवले असेल का. इतकी मी हलकी होते. मेलेल्या मुलाच्या गावात बसून माझा जीव माझ्या सहीपाशी घुटमळत होता.

कचेरीत परत आल्यावर मी अहवाल लिहिला. "स्थानिक रूढीशी विसंगत अशी एक सूचना भाग तिसरा मध्ये राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे. दुरुस्तीपत्र जोडावे." राहून गेल्याचे, निदर्शनास आले. कुणी राहू दिले, कुणाच्या निदर्शनास आले, काही नाही. साहेबांनी माझ्या दक्षतेबद्दल चांगला शेरा मारला. नानांनी मात्र विचारले, "बाई, सगळ्या पत्रांत ती शेवटची ओळ होती ना?" मी म्हणाले, "होती." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

शिल्लक प्रतींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. वाटलेल्या प्रतींसाठी गावोगाव हिंडून मी स्वतःच्या हाताने ती ओळ दुरुस्त केली. पुढच्या छपाईच्या वेळी अक्काला नवे पत्र पाठवले. चारही भाग पाहावेत, असे लिहिले. प्रश्न घातले, तारीख घातली, आणि शेवटी नानांची ओळ, यावेळी न खोडता. कार्ड तारखेच्या दोन दिवस आधी आले. एक, बरोबर. दोन, बरोबर. तीन, बाळाला ऊन द्यायची वेळ सकाळची लिहावी. आणि "आणखी काही" यापुढे मास्तरांच्या वळणदार अक्षरात होते, "चूक कागदात होती हे त्या मुलाच्या आईला कोणी सांगितले आहे काय? गावात सुईणीला दोष देतात. तिला आता कोणी बोलावीत नाही."

ते कार्ड मी फायलीत लावले नाही. कवी मास्तरांच्या पत्रालासुद्धा मी उलट टपाली उत्तर पाठवले होते. अक्काच्या या कार्डाला उत्तर दिले नाही.

पण महिन्याभरात पारोळ्याची फिरती आली तेव्हा मी त्या घरी गेले, सांगायचेच असे ठरवून. एस.टी.त वाक्य जुळवून ठेवले होते. मुलाची आई माझ्याहून चार वर्षांनी तरी लहान असेल. तिने लगबगीने खाट टाकली, तांब्या आणला, पदर सावरून समोर उभी राहिली. सरकारी नर्स आपल्या घरी आली याचा तिला आनंदच झाला होता. सासू आत काहीतरी कांडत होती. मी म्हणाले, "तुझ्या बाळाचं मला..." आणि तांब्या हातात घेतला.

तिला वाटले मी तिचे सांत्वन करते आहे. उलट तीच मला धीर द्यायला लागली. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, हे तिने लहानपणापासून ऐकलेले. "जाऊ द्या बाई," ती म्हणाली, "सटवाईनी तितलंच लिखेल व्हतं. लिखनारीपुढं आपलं काय चालस?"

मी मान हलवली. "हो," म्हटले, आणि पाणी पिऊन उठले.